जांभ्यातली विहीर आणि काळी पडलेली बाटली

सिंधुदुर्गातल्या माझ्या मामाच्या परसात जांभ्यात खणलेली विहीर आहे. तिचं पाणी उन्हाळ्यात काचेसारखं असतं. जुलैत पाऊस लागला की ते रातोरात वर येतं आणि किंचित गढूळही होतं. गेल्या वर्षी अशाच दिवसांत घरातल्या दोन मुलांची पोटं बिघडली, म्हणून पाणी तपासायचं ठरवलं.

कोकणातल्या जांभ्याला भोकं फार. पाऊस मुरताना वाळूच्या थरातून सावकाश गाळला जात नाही, तर या भोकांतून आणि भेगांतून धावत खाली येतो. शोषखड्डा किंवा गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर तिथली घाणही त्याच वाटेनं येते. म्हणून इथल्या विहिरीचं पाणी तपासायची खरी वेळ पावसाळ्यातली. मे महिन्यातला स्वच्छ निकाल जुलैला लागू पडत नाही.

रोगजंतूंचे प्रकार शेकडो, आणि ते पाण्यात तुरळक, अधूनमधून येतात. त्यांना एकेक करून शोधणं परवडत नाही. त्याऐवजी कोलिफॉर्म या जिवाणूंच्या गटाचा माग काढतात. त्यातला ई. कोलाय माणसांच्या आणि गुराढोरांच्या आतड्यांत कोट्यवधींनी राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, पण तो पाण्यात सापडला की विष्ठा तिथवर पोहोचली आहे, हे नक्की समजतं. गटातले काही जिवाणू मातीतही राहतात, म्हणून नुसत्या कोलिफॉर्मपेक्षा ई. कोलाय सापडणं जास्त गंभीर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात यांतलं काहीच आढळता कामा नये.

गावपातळीवर पहिली चाचणी होते ती एच-टू-एस बाटलीची. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ साली मांडली. छोट्या निर्जंतुक बाटलीत कागदाची एक पट्टी असते. तिच्यात जिवाणूंचं खाद्य, गंधकयुक्त क्षार आणि लोहाचा क्षार सुकवलेला असतो. खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलिलिटर पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि बाटली घरातच उबदार जागी ठेवायची. पाण्यात विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एच-टू-एस वायू, तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी शाईसारखं काळं पडतं. निकाल २४ ते ४८ तासांत मिळतो.

इथे एक बारकावा आहे. ई. कोलाय स्वतः सहसा हा वायू बनवत नाही. बाटली काळी होते ती त्याच्या सोबत्यांमुळे. म्हणजे ही चाचणी इशारा देते, मोजमाप करत नाही. शिवाय २० मिलिलिटरमध्ये जिवाणू आला नाही, तरी १०० मिलिलिटरमध्ये असू शकतो. बाटली काळी पडली नाही तरी शंका असेल, तर नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवावा. तिथे लॅक्टोज घातलेल्या नळ्यांत आम्ल आणि वायू तयार होतो का ते बघतात आणि मग ४४ अंशांच्या आसपास वाढणारे जिवाणू वेगळे ओळखतात.

मामाच्या विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळीकुट्ट झाली होती.

आता टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. ‘विहिरीला दोन मुठी’ हा अंदाज इथे कामाचा नाही, आधी पाणी मोजायला हवं. दोरीला दगड बांधून सोडला आणि भिजलेली दोरी मोजली: ४ मीटर. विहिरीचा व्यास ३ मीटर. व्यासाचा वर्ग ९, त्याला ४ मीटरनं आणि ०.७८५ नं गुणलं की २८ घनमीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरिन असलेल्या टीसीएलचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम. म्हणून ७० ग्रॅम. याच विहिरीत मेमध्ये जेमतेम मीटरभर पाणी असतं, तेव्हा १८ ग्रॅम पुरेल.

कोरडी पावडर विहिरीत टाकू नये. ती चुन्यासकट तळाशी बसते. नाका-तोंडाला फडकं बांधून प्लास्टिकच्या बादलीत ती थोड्या पाण्यात दह्यासारखी कालवली, मग बादली पाऊण भरून ढवळली आणि दहा मिनिटं ठेवली. चुना खाली बसला. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं, ती बादली दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडली आणि वर-खाली, आडवी-तिडवी जोरात हलवली. हे सगळं रात्री, टाकी भरून झाल्यावर केलं, म्हणजे सकाळपर्यंत उपसा नाही. (विहिरीत मासे किंवा कासव असेल तर आधी काढून ठेवा. माशांना हे थोडंसं क्लोरिनही सोसत नाही.)

तासाभरानं ओटी चाचणी केली. बाजूला काढलेल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे, म्हणजेच ओटीचे, थेंब टाकले की मोकळं क्लोरिन असेल तर लगेच पिवळा रंग येतो. दहा सेकंदांच्या आत वाचायचं, कारण नंतर चढणारा रंग सेंद्रिय पदार्थांशी जखडलेल्या क्लोरिनचाही असतो. तासानंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन उरायला हवं. आमच्या नळीत रंगच आला नाही.

असं का झालं? ७० ग्रॅममधून लिटरला जवळपास ०.८ मिलिग्रॅम क्लोरिन मिळतं. पण पाण्यात विरघळल्यावर क्लोरिन फक्त जिवाणूंच्या मागे लागत नाही. कुजकी पानं, शेवाळ, गढूळपणातला सेंद्रिय अंश, सगळ्यांवर ते खर्ची पडतं. ती भूक भागल्यावर जे उरतं, तेच जिवाणूच्या भिंतीतून आत शिरून त्याला मारतं. आमची पहिली मात्रा या भुकेतच संपली होती. तसंच आणखी ७० ग्रॅम घातलं, तेव्हा तासानं फिकट पिवळा रंग दिसला. रंग न येण्याचं दुसरं कारण शिळी पावडर. ओल आणि उजेड लागला की क्लोरिन उडून जातं, पावडर गोळ्या धरते आणि तिचा उग्र वास मंदावतो. तिच्या जोरावर मोजमाप करणं फसवं. आणि संडास धुण्याच्या आम्लाजवळ ती कधीही ठेवू नये, दोन्ही मिसळली तर विषारी वायू निघतो.

क्लोरिन ताजं असताना घेतलेल्या पाण्याची बाटली काळी पडणारच नाही. तिच्यावरून घाण येण्याचं कारण गेलं की नाही ते कळत नाही. म्हणून ओटीचा रंग येईनासा झाला आणि पावसाची एक मोठी सर पडली की पुन्हा तपासायचं. आम्ही पाचव्या दिवशी तपासलं. बाटली परत काळी.

मग पावसातच विहिरीभोवती फिरलो. गोठ्याकडच्या अंगाला कठडा आणि जांभा यांच्यामध्ये हाताच्या पंजाएवढी फट होती आणि अंगणातलं वाहतं पाणी सरळ तिच्यात शिरत होतं. सिमेंटनं फट बुजवली, भोवती उतार काढून फरशी केली, पाणी वळवायला चर खणला. मग टीसीएलची मात्रा पुन्हा दिली आणि क्लोरिन ओसरल्यावर, सलग तीन दिवसांच्या पावसानंतर नमुना घेतला. ही बाटली ४८ तास झाले तरी काळी पडली नाही. प्रयोगशाळेच्या नमुन्यात मात्र थोडे कोलिफॉर्म निघाले, ई. कोलाय नाही. त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत मामी पिण्याचं पाणी उकळतच राहिली, आणि टीसीएलचा डबा माळ्यावर कोरड्या जागी घट्ट झाकण लावून ठेवला आहे.