क्विक रिमूव्हल, बेटर परफॉर्मन्स आणि राइट कॅशिंग

पेनड्राइव्ह किंवा बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर विंडोजने कसे लिहायचे हे ठरवणारी दोन धोरणे. बेटर परफॉर्मन्समध्ये विंडोज मजकूर आधी संगणकाच्या रॅममध्ये साठवते आणि ड्राइव्हवर सवडीने उतरवते. यालाच राइट कॅशिंग म्हणतात. क्विक रिमूव्हलमध्ये हा साठा टाळला जातो, त्यामुळे ड्राइव्ह इजेक्ट न करताही काढता यावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कुठपर्यंत खरी, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

धोरण पाहण्यासाठी किंवा बदलण्यासाठी Device Manager उघडून Disk drives खालच्या ड्राइव्हच्या Properties मध्ये Policies हा टॅब पाहावा. बाहेरच्या ड्राइव्हसाठी आधी बेटर परफॉर्मन्स हे मूळ धोरण होते; विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, ते क्विक रिमूव्हल झाले. ही नोंद संगणकात राहते, ड्राइव्हमध्ये नाही. शिवाय बदललेले धोरण त्याच संगणकाच्या त्याच पोर्टपुरते टिकते. त्यामुळे आपल्या संगणकावर बिनधास्त काढता येणारी डिस्क दुसऱ्याच्या, जुनी विंडोज असलेल्या संगणकावर तशी काढता येईलच असे नाही.

कॅशिंगचा फायदा मोठा आहे. एखादा प्रोग्रॅम शंभर छोट्या फायली लिहितो तेव्हा फोल्डरच्या यादीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा बदलतो. रॅममध्ये हे बदल एकत्र करून तो तुकडा ड्राइव्हवर मोजक्या वेळाच लिहिता येतो. मात्र प्रोग्रॅमला ‘लिहून झाले’ असा निरोप आधीच गेलेला असतो. म्हणून कॉपीची खिडकी बंद होते आणि पेनड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकत राहतो. लिनक्समध्ये तर रॅममधला बदललेला मजकूर मूळ मांडणीनुसार सुमारे 30 सेकंद तसाच थांबू शकतो. तिथे किती मजकूर उतरायचा बाकी आहे ते पाहता येते आणि तो लगेच उतरवताही येतो:

```
grep Dirty: /proc/meminfo
sync
```

अर्धवट राहिलेल्या लिखाणाने नुकसान नेमके कसे होते हे एका फायलीवरून नीट समजते. 32 जीबीचा पेनड्राइव्ह FAT32 मध्ये, 16 केबीच्या क्लस्टरने, म्हणजे जागावाटपाच्या तेवढ्या तुकड्यांनी, फॉरमॅट केलेला आहे असे धरू. त्यावर 4 एमबीचा एक फोटो कॉपी करायचा आहे. फोटोचा मजकूर 256 क्लस्टरमध्ये बसतो. कोणत्या क्लस्टरनंतर कोणता, ही साखळी FAT नावाच्या तक्त्यात लिहावी लागते. दर क्लस्टरला 4 बाइट, म्हणजे 1 केबी. आणि सहसा या तक्त्याच्या दोन प्रती असतात. याखेरीज फोल्डरमध्ये 32 बाइटची एक नोंद होते: नाव, आकार आणि पहिला क्लस्टर. नाव लांब असेल तर तशाच आणखी नोंदी जोडल्या जातात.

मजकूर, साखळी आणि नोंद ही तीन कामे ड्राइव्हवर वेगवेगळ्या ठिकाणी होतात, आणि कॅशमधून ती कोणत्या क्रमाने उतरतील याची खात्री नसते. मजकूर आणि साखळी उतरली पण नोंद राहिली, तर फोटो ड्राइव्हवर असूनही दिसत नाही आणि त्याची जागा अडून राहते. नोंद उतरली पण आकार भरायचा राहिला, तर 0 बाइटची फाइल दिसते. नोंद आणि साखळी उतरली, मजकूर मात्र राहिला, तर फाइल योग्य आकाराची दिसते आणि आत त्या जागेवरचा जुना कचरा असतो. हा प्रकार सर्वांत फसवा, कारण फाइल उघडेपर्यंत काहीच कळत नाही. नोंद उतरून साखळी राहिली, तर ते क्लस्टर मोकळेच समजले जातात. पुढची फाइल तिथेच लिहिली जाते आणि एकाच जागेवर दोन फायली हक्क सांगू लागतात.

इथवर नुकसान नव्या फायलीभोवतीचे आहे. पण ज्यांना हातही लावला नव्हता त्या जुन्या फायली का जातात, याचे उत्तर फ्लॅश चिपमध्ये आहे. 512 बाइटच्या एका सेक्टरमध्ये FAT तक्त्याच्या 128 नोंदी असतात, त्यांत शेजारच्या फायलींच्याही. फ्लॅशवर तेवढाच सेक्टर जागच्या जागी बदलता येत नाही. कित्येक केबींचे पान नव्या जागी लिहावे लागते आणि जुनी जागा मोठ्या ठोकळ्यानेच पुसावी लागते. कोणता मजकूर चिपवर कुठे आहे याचा नकाशा पेनड्राइव्हमधला कंट्रोलर ठेवतो. ही हलवाहलव चालू असताना वीज तुटली तर जुना मजकूरही अडकू शकतो. नकाशाच बिघडला तर ड्राइव्ह RAW, म्हणजे विंडोजला फाइल सिस्टिम न ओळखता येणारा, दिसतो, फॉरमॅट करायला सांगतो किंवा त्याची क्षमता शून्य दिसते.

क्विक रिमूव्हलची मर्यादा इथेच आहे. ते विंडोजच्या रॅममधला साठा टाळते. कंट्रोलरची आतली कामे त्याच्या हातात नसतात. त्यामुळे ‘केव्हाही काढा’ याचा अर्थ ‘कॉपी संपल्यावर, दिवा स्थिर झाल्यावर काढा’ एवढाच घ्यावा. लिहिणे चालू असताना उपटलेल्या ड्राइव्हला कोणतेच धोरण वाचवत नाही. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी तर धोरण कोणतेही असो, इजेक्ट करणेच बरे, कारण वीज अचानक गेली की तिला हेड घाईने मागे घ्यावे लागते.

फाइल सिस्टिमनुसारही फरक पडतो. NTFS आपल्या रचनेतले बदल आधी $LogFile या जर्नलमध्ये टिपते, त्यामुळे मध्येच वीज तुटली तरी पुढच्या वेळी रचना सुसंगत स्थितीत आणता येते. फायलीतला मजकूर मात्र जर्नलमध्ये नसतो, म्हणून फाइल अर्धी राहू शकते. FAT32 आणि exFAT यांत असे जर्नल नाही. कॅमेऱ्याची कार्डे आणि बहुतेक पेनड्राइव्ह याच दोन प्रकारांत असल्यामुळे तक्रारीही त्यांच्याच जास्त.

ड्राइव्ह नीट बंद झाला नव्हता याची खूण त्याच्यावरच राहते. ती अशी तपासावी:

```
fsutil dirty query E:
chkdsk E: /f
```

पहिली आज्ञा फक्त विचारते, दुसरी दुरुस्ती करते. बेवारस साखळ्या chkdsk ही FOUND.000 फोल्डरमध्ये FILE0000.CHK अशा नावांनी ठेवते. वर पाहिलेला न दिसणारा फोटो कित्येकदा तिथे सापडतो, नाव बदलून शेवटी .jpg केले की उघडतो. पण chkdsk ड्राइव्हवर लिहिते. मजकूर मोलाचा असेल तर आधी संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. फॉरमॅटच्या प्रश्नाला तोवर होकार देऊ नये.

इजेक्ट करताना ‘डिव्हाइस वापरात आहे’ असा नकार आला तर तो गंभीरपणे घ्यावा. Event Viewer मधल्या System नोंदींत Kernel-PnP ची 225 क्रमांकाची घटना पाहिली, की कोणत्या प्रोग्रॅमने ड्राइव्ह धरून ठेवला आहे त्याचे नाव मिळते. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा इजेक्ट करावे. तरीही जमले नाही तर संगणक बंद करून मग ड्राइव्ह काढावा, कारण बंद होताना विंडोज उरलेला मजकूर उतरवूनच ड्राइव्ह सोडते.