पीएनएच आणि ऑटोइम्यून हिमोलिसिस: हल्ला सारखा, उणीव वेगळी

तांबड्या पेशी फुटत आहेत हे सिद्ध झाले, पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह आली, आणि तरीही कागदावर 'कूम्ब्स निगेटिव्ह ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया' असे निदान लिहून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले, असे प्रसंग आजही वारंवार दिसतात. असा आजार अस्तित्वात नाही असे माझे म्हणणे नाही. काही थोड्या रुग्णांत प्रतिपिंडांचे प्रमाण नेहमीच्या चाचणीला पकडता येणार नाही इतके कमी असते. परंतु हे निदान इतर शक्यता तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटी करायचे असते. त्या शक्यतांत पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरियाचे, म्हणजे पीएनएचचे, स्थान वरचे असायला हवे, आणि नेमकी तीच तपासणी राहून जाते.

ऑटोइम्यून प्रकार बहुतेकांना चांगला ठाऊक असतो, म्हणून त्याची उजळणी थोडक्यात करतो. शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. नेहमीच्या, उष्ण प्रकारात ते आयजीजी जातीचे असतात. अशी खूण लागलेल्या पेशी प्लीहेतील भक्षक पेशी ओळखतात, त्यांचा काही भाग कुरतडतात किंवा त्या अख्ख्या गिळतात. म्हणून रक्ताच्या काचपट्टीवर गोल, आक्रसलेल्या पेशी दिसतात, प्लीहा वाढते, डोळे पिवळे होतात, आणि पेशीवरची खूण शोधणारी कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह येते.

घोटाळा सुरू होतो तो कॉम्प्लिमेंटपाशी. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात कायम फिरणारी, एकामागून एक सक्रिय होणारी आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पाडणारी प्रथिनांची साखळी. दोन्ही आजारांत 'कॉम्प्लिमेंट तांबड्या पेशींवर हल्ला करते' असे वाक्य शिकवले जाते, आणि विद्यार्थी साहजिकच असे समजतो की पीएनएचमध्येही कोणते तरी प्रतिपिंड असणार, ते फक्त अजून सापडलेले नाही. हा समज मुळापासून चुकीचा आहे. पीएनएचमध्ये हल्ला घडवणारे प्रतिपिंड नसतेच. कॉम्प्लिमेंटही बिघडलेले नसते. ते निरोगी माणसात वागते तसेच वागत असते. उणीव असते ती पेशीच्या स्वतःच्या संरक्षणात.

हे नीट समजण्यासाठी निरोगी पेशीपासून सुरुवात करावी लागते. कॉम्प्लिमेंटमधील सी३ हे प्रथिन कोणत्याही चिथावणीशिवाय, अगदी थोड्या प्रमाणात, अखंड सक्रिय होत असते. त्याचे तुकडे जंतूंवर बसतात तसे आपल्या पेशींवरही बसतात. तरीही आपल्या पेशी फुटत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर दोन राखणदार असतात. पहिला सीडी५५, तो सी३ भोवती जमणारे एन्झाइम मोडून टाकतो आणि साखळी वाढू देत नाही. दुसरा सीडी५९, साखळी तरीही शेवटापर्यंत पोहोचलीच, तर तो सी९ चे रेणू एकमेकांना जोडू देत नाही, त्यामुळे आवरणाला भोक पडत नाही. हे दोघे पेशीच्या आवरणात थेट रुतलेले नसतात. जीपीआय नावाच्या एका छोट्या मेदयुक्त नांगराने ते तिथे धरून ठेवलेले असतात.

तो नांगर बनवण्याच्या पहिल्याच पायरीसाठी पिग-ए हे जनुक लागते. ते एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषांत एक्स एकच असतो आणि स्त्रियांच्या प्रत्येक पेशीत एक एक्स निष्क्रिय असतो, त्यामुळे अस्थिमज्जेतील एखाद्या मूळ पेशीत या जनुकात एकच बदल घडला तरी नांगर बनणे थांबते. हा बदल जन्मानंतर घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. त्या मूळ पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या साऱ्यांना दोन्ही राखणदारांशिवायच रक्तात उतरावे लागते. जपानमध्ये किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या जनुकाचा छडा लावला. त्यानंतर पीएनएचला 'एक प्रकारचा ऑटोइम्यून हिमोलिसिस' म्हणण्याला काहीच आधार उरलेला नाही, आणि हा शब्दप्रयोग टाळला जावा असा माझा ठाम आग्रह आहे.

या एका फरकातून बाकीचे सारे फरक उलगडतात. शीत प्रतिपिंडांच्या आजारात आयजीएम प्रतिपिंड खरोखरच कॉम्प्लिमेंट पेशीवर आणून बसवते, पण तिथे सीडी५५ आणि सीडी५९ शाबूत असल्यामुळे साखळी बहुधा सी३ पाशीच थांबते, आणि अशा पेशी प्रामुख्याने यकृतातील भक्षक पेशींकडून उचलल्या जातात. पीएनएचच्या पेशीवर तीच साखळी शेवटपर्यंत जाते आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटते. तिच्यातले हिमोग्लोबिन प्लाझ्मात मोकळे होते. हॅप्टोग्लोबिन हे रक्तातले प्रथिन त्याला धरून ठेवण्याचा प्रयत्न करते. ते संपले की हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गळून लघवीत उतरते. रात्रभर साठलेली लघवी दाट असते, म्हणून ती सकाळी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची दिसते आणि दिवसभर पाणी प्यायल्यावर फिकी होत जाते. पेशी फुटण्याची क्रिया मात्र केवळ रात्री होत नसते, ती अहोरात्र चालू असते. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे पॉल स्ट्र्यूबिंग यांनी १८८२ मध्ये या आजाराचे बारकाईने वर्णन केले, तेव्हा झोपेत साचणाऱ्या आम्लामुळे पेशी फुटत असाव्यात असा त्यांचा तर्क होता. त्या काळासाठी तो विलक्षण दूरदृष्टीचा होता, पण त्यावर विसंबून आज 'रात्री फुटतात' असे शिकवणे योग्य नाही. शिवाय निदानाच्या वेळी गडद लघवीची तक्रार साधारण चारांतल्या एकाच रुग्णात असते. 'लघवी साफ आहे, म्हणजे पीएनएच नाही' हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

लघवीत रक्त जाणे आणि हिमोग्लोबिन जाणे यांतला फरक सोपा आहे. पट्टीवर दोन्ही वेळा 'रक्त' पॉझिटिव्ह येते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या तर ते रक्त, आणि पेशी नसताना लघवी यंत्रात वेगाने फिरवून घेतल्यावरही वरचे पाणी लालसर राहिले तर रक्तातून गळालेल्या रंगद्रव्याचा विचार करावा. मलेरिया आणि जी६पीडीची कमतरता याही गोष्टी भारतात डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात, पण त्यांत ताप किंवा नुकतेच घेतलेले औषध हा धागा बहुधा मिळतो.

आता एक नमुना रुग्ण कल्पून पाहू. चौतीस वर्षांचा पुरुष, काही महिन्यांपासून थकवा. हिमोग्लोबिन ६.८, रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या तांबड्या पेशी ७ टक्के, पेशी फुटल्यावर वाढणारे एलडीएच २,४०० (जिथे वरची मर्यादा सुमारे २५० असते), कूम्ब्स निगेटिव्ह. त्याला ऑटोइम्यून समजून स्टेरॉइड दिले गेले आहे. पण त्याच अहवालांत आणखी तीन गोष्टी आहेत. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन केवळ ६ आहे. ऑटोइम्यून प्रकारात फुटलेल्या पेशींचे लोह भक्षक पेशींकडून शरीरात परत येते. इथे ते लघवीवाटे कायमचे जात आहे, म्हणून साठा रिकामा झाला आहे. प्लेटलेट ८५,००० आणि पांढऱ्या पेशी २,९०० आहेत, म्हणजे अस्थिमज्जाही दुबळी आहे. पीएनएच आणि अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया यांचे नाते जवळचे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे अन्न गिळताना होणारा त्रास आणि अधूनमधून येणारी पोटातली कळ. मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे अन्ननलिकेचे आणि आतड्यांचे स्नायू सैल होऊ शकत नाहीत. एवढ्या खुणा असताना पेशींवर राखणदार आहेत की नाहीत हे मोजणारी फ्लो सायटोमेट्री न करणे समर्थनीय नाही.

चाचणी झाली नाही आणि काही आठवड्यांनी या रुग्णाचे पोट फुगले, उजव्या बरगडीखाली दुखू लागले. डॉप्लरमध्ये यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गुठळीने बंद झालेल्या दिसल्या. ऑटोइम्यून प्रकारातही गुठळ्यांचा धोका वाढतो, परंतु त्या बहुधा पायांत आणि फुप्फुसांत होतात. पीएनएचच्या गुठळ्या अनपेक्षित जागा निवडतात: यकृताच्या, आतड्यांच्या, प्लीहेच्या शिरा, मेंदूतील शिरांचे मार्ग, कधी त्वचेच्या शिरा. प्लेटलेट कमी आहेत म्हणून गुठळी होणार नाही असे समजू नये, कारण या प्लेटलेटनाही संरक्षण नसते. कॉम्प्लिमेंट त्यांना सतत चिथावत राहते. प्रभावी उपचार येण्यापूर्वी या आजारातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण गुठळीच होते. तरुण माणसात अशा जागी गुठळी आढळली आणि सोबत तांबड्या पेशी फुटण्याची किंवा रक्तपेशी घटल्याची चिन्हे असतील, तर पीएनएचची चाचणी मागवायलाच हवी.

चाचणी वाचतानाही एक चूक होते. या रुग्णाला मध्यंतरी दोन पिशव्या रक्त दिले होते. त्याच्या तांबड्या पेशींत राखणदार नसलेल्या पेशींचे प्रमाण २८ टक्के आले, ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशींत मात्र ८२ टक्के. खरा आकडा दुसरा. दोषी तांबड्या पेशी फुटून जातात आणि दात्याच्या पेशी मिसळतात, म्हणून पहिला आकडा कमी दिसतो. ग्रॅन्युलोसाइट असे कॉम्प्लिमेंटमुळे फुटत नाहीत, म्हणून आजाराचा आवाका त्यांच्यावरून ठरवावा. त्यासाठी जीपीआय नांगरालाच चिकटणारे फ्लेअर हे चमकणारे द्रव्य वापरतात. जुन्या पुस्तकांतली आम्लाची हॅम चाचणी आणि साखरेची चाचणी इतिहास म्हणून वाचाव्यात, निदानासाठी मागवू नयेत.

उपचारही याच फरकावर उभे आहेत. प्रतिपिंडच नसल्यामुळे स्टेरॉइडचा टिकाऊ उपयोग होत नाही, आणि नुकसान सारे पदरात पडते. साखळीच्या शेवटच्या टप्प्यातल्या सी५ ला रोखणारे एक्युलिझुमॅब अमेरिकेत २००७ मध्ये मान्य झाले. त्याच्या चाचण्यांत गुठळ्यांचे प्रमाण औषधापूर्वी दर १०० रुग्णवर्षांमागे ७ हून अधिक होते, ते सुमारे १ वर आले. केवळ रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी इतकी सुरक्षितता मिळत नव्हती. सी५ रोखल्यावर मेनिंगोकॉकस जंतूशी लढण्याची क्षमता घटते, म्हणून शक्य तर किमान दोन आठवडे आधी लस द्यावी लागते, आणि लस घेतलेली असली तरी ताप आल्यास तातडीने दवाखाना गाठावा लागतो. जनुकाचा दोष असलेल्या पेशी मात्र तशाच राहतात. त्या पूर्णपणे घालवणारा उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच आहे, आणि त्याचे धोके मोठे आहेत.

या औषधानंतर जुना घोटाळा नव्या रूपात परत येतो, आणि त्याबाबत सावध राहायला हवे. सी५ थांबले की पेशी वाहिनीत फुटत नाही, पण सीडी५५ नसल्यामुळे तिच्यावर सी३ चे तुकडे साचत राहतात. यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी तिला त्या खुणेवरून उचलू लागतात. एलडीएच जवळजवळ सामान्य होतो, लघवी निवळते, तरी हिमोग्लोबिन ८ किंवा ९ वर अडकते, आणि आजवर निगेटिव्ह असलेली कूम्ब्स चाचणी आता सी३ साठी पॉझिटिव्ह येते. अशा वेळी 'आता ऑटोइम्यून आजारही जडला' असे म्हणून स्टेरॉइड सुरू करू नये. चाचणी आयजीजीसाठी निगेटिव्ह आणि केवळ सी३ साठी पॉझिटिव्ह असेल, तर बहुधा तो त्याच आजाराचा आणि त्याच औषधाचा परिणाम असतो. त्याचे उत्तर साखळी आणखी वरच्या पायरीवर रोखण्यात आहे: सी३ वर काम करणारे पेगसेटाकोप्लान, किंवा फॅक्टर बी रोखणारे, तोंडाने घ्यायचे इप्टाकोपान.