घरी ऑक्सिजन मशीन आणताना: पात्रता, कागद आणि मशीनवरची लिटर दाखवणारी गोळी कुठे ठेवायची

लालबागच्या आमच्या चाळीत सासऱ्यांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला, तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "चिठ्ठी आहे का?" चिठ्ठीत औषधासारखा डोस लिहिलेला असतो: मिनिटाला किती लिटर आणि रोज किती तास. तिच्याशिवाय मशीन देणारेही भेटतात, पण त्यांच्याकडून घेऊ नका.

कोणाला लागते

दम लागतो म्हणून ऑक्सिजन, असे नसते. सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार. त्याच्या पेशंटची तब्येत स्थिर असताना, बसल्या जागी ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा म्हणजे `SpO2` 88 किंवा त्याखाली, किंवा धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत (एबीजी) ऑक्सिजनचा दाब म्हणजे `PaO2` 55 किंवा त्याखाली आला, की डॉक्टर घरच्या ऑक्सिजनचा विचार करतात. `PaO2` 56 ते 59 असेल आणि पायांवर सूज किंवा हृदयावर ताण असेल, तरीही देतात. हॉस्पिटलमधून सोडताना आलेल्या आकड्यावर कायमचा निर्णय होत नाही, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. सासऱ्यांचा दुसरा `PaO2` 53 आला, तेव्हा चिठ्ठी मिळाली: 2 लिटर, दिवसाला किमान 15 तास, झोपेतही.

कागद

छातीच्या डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी, एबीजीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पेशंटचे आणि घेणाऱ्याचे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा. भाड्याने देणारे आणि धर्मादाय संस्था बहुधा डिपॉझिटही मागतात, त्याची पावती जपून ठेवा. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे लाभार्थी असाल तर खरेदीआधी वेलनेस सेंटरमध्ये परवानगीचे विचारा, कारण नंतर बिल नेले तर अडते. मशीन घेताना ते 5 लिटरवर काही वेळ चालवून दाखवायला सांगा, आणि नळी बोटांनी दाबून धरल्यावर ह्युमिडिफायर, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली, शिटी मारते का ते ऐका. शिटी वाजली नाही तर कुठेतरी हवा गळतेय.

गोळी

मशीनवरच्या उभ्या काचेच्या नळीत मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो ते दाखवणारी एक गोळी तरंगते. डोळा तिच्या पातळीला आणून बघा. गोळीचा मध्य 2 च्या रेषेवर हवा, वरचा किंवा खालचा काठ नव्हे. वरून वाकून बघितले की आकडा चुकीचा वाचला जातो.

सगळ्यात मोठी चूक आमच्याच घरात झाली. 2 लिटरवर सासऱ्यांचा `SpO2` 90 दाखवायचा. कोविडमध्ये 95 च्या खाली गेलो की घाबरायची सवय लागलेली, म्हणून दीरांनी गोळी 4 वर नेली. आकडा 97 झाला आणि सगळे खूश. सकाळी सासऱ्यांचे डोके ठणकत होते, चहा घेताघेता डुलकी लागत होती आणि हात पुढे केले की पंजे फडफडत होते. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, ती ही लक्षणे. ऑक्सिमीटर मात्र हे दाखवत नाही, तो 97 च दाखवत राहतो. म्हणून अशा पेशंटसाठी साधारण 88 ते 92 हेच लक्ष्य ठरवतात. अशी गुंगी दिसली तर मशीन बंद करू नका, गोळी चिठ्ठीतल्या आकड्यावर आणा आणि लगेच 108 ला फोन करून हॉस्पिटल गाठा.

उलट आकडा अचानक 88 च्या खाली आला, तर गोळीला हात लावण्याआधी नळी पलंगाच्या पायाखाली दबलीय का, ह्युमिडिफायरचे झाकण सैल आहे का, पाण्यात बुडबुडे येतात का, हे बघा. सगळे ठीक असूनही आकडा खालीच राहिला तर डॉक्टरांना फोन.

आग

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो कपड्यांत, दाढीत, गोधडीत मुरतो आणि मग साधी ठिणगीही भडकते. सुरू मशीनची नळी अंथरुणावर टाकून बाथरूमला जाऊ नका, आधी बटण बंद करा. आच आणि पेशंट यांत किमान 3 मीटर अंतर ठेवा, असे सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे गॅस, देवघर आणि पलंग एकाच रांगेत, ते शक्यच नाही. आम्ही गॅस सोडून इंडक्शन घेतला, देवापुढे विजेचा दिवा लावला. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. अगरबत्ती, कापूर, मच्छरची कॉइल हेही बाहेर गेले. विडी तर अजिबात नाही. मशीन बंद करून गॅलरीत ओढतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की कपड्यांत ऑक्सिजन नंतरही काही वेळ राहतो.

नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन लावू नका, पाण्यात विरघळणारी जेल डॉक्टरांकडून घ्या. मशीन भिंतीपासून, पडद्यापासून फूटभर लांब ठेवा आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा, एक्स्टेंशन बोर्डला नाही. पेट घेतलाच तर आधी नळी नाकातून काढून मशीन बंद करा, पेशंटला बाहेर न्या, मग 101.

वीज गेली तर मशीन थांबते, म्हणून चिठ्ठीतल्याच लिटरवर लावता येईल असा छोटा सिलिंडर आम्ही दाराजवळ उभा बांधून ठेवला आहे.