नोकरीपूर्व आरोग्यक्षमता तपासणी पत्रक

कारखान्यात कामगार रुजू होण्यापूर्वी त्याची प्रकृती ठरलेल्या कामाला झेपेल का, हे नोंदवणारे वैद्यकीय पत्रक. बोलीत याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने अधिनियम, 1948 मध्ये कलम 41-ग आले. धोकादायक पदार्थ हाताळण्याचे काम देण्याआधी कामगाराची वैद्यकीय तपासणी करणे त्याने मालकावर बंधनकारक केले. कायद्याची सक्ती नसलेल्या कारखान्यांतही हे पत्रक भरून घेतात. त्यात पूर्वीच्या नोकऱ्या, जुने आजार, उंची, वजन, रक्तदाब यांबरोबर कान, डोळे आणि फुप्फुसे असे तीन मुख्य भाग असतात.

पत्रकाचा शेवट ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ या शेऱ्याने होत असला, तरी कानाच्या तपासणीत खरी किंमत आकड्यांना आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा साधारण 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होतो. बोलण्यातले बहुतेक आवाज त्याखाली असल्याने कामगाराला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून 500 ते 8000 हर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या स्वरांवर, प्रत्येक कानाला ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज किती डेसिबलचा, हे श्रवणमापन यंत्राने मोजून आलेख काढतात. तपासणीआधी 14 ते 16 तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे लागते, नाहीतर कानाचा तात्पुरता थकवाच कायमचे नुकसान म्हणून नोंदला जातो. रात्रपाळी करून थेट तपासणीला आलेल्या माणसाचा आलेख म्हणूनच ग्राह्य धरू नये.

समजा, प्रेस शॉपसाठी आलेल्या 24 वर्षांच्या तरुणाच्या डाव्या कानाची नोंद 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झवर अनुक्रमे 10, 15 आणि 35 डेसिबल आहे. सरासरी 20. चार हजारावरचा तो खळगा आधीच्या गोंगाटाकडे बोट दाखवतो. मग तो जुन्या कारखान्यातला असो की मिरवणुकीतल्या डीजेचा. एवढ्यावरून त्याला नाकारण्याचे कारण नाही. आकडे नोंदवायचे, कानातील बोळे किंवा इअरमफ वापरण्याची अट घालायची आणि काम द्यायचे. वर्षाने हेच आकडे 15, 25 आणि 50 आले, तर सरासरी 30 होते. तिन्ही स्वरांच्या सरासरीत 10 डेसिबल किंवा जास्त फरक पडला, तर पुन्हा तपासणी करून कामाची जागा आणि संरक्षक साधन दोन्ही पाहावे लागते. पहिला आलेखच नसेल, तर नुकसान कुठे झाले याचा वाद मिटत नाही. गोंगाटजन्य श्रवणदोष हा नुकसानभरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत आहे, त्यामुळे हा वाद पैशाचाही असतो.

डोळ्यांचा भाग सोपा. सहा मीटरवरचा तक्ता, जवळचे वाचन आणि रंगीत ठिपक्यांच्या इशिहारा पाट्या. चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय असे दोन्ही आकडे लिहायला हवेत. वायरच्या रंगांवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला रंगांधळेपणा अडचणीचा ठरतो, माल भरणाऱ्याला सहसा नाही. आधीच्या उमेदवाराने मोठ्याने वाचलेला तक्ता पाठ करून पुढचा सहज पास होतो. म्हणून तक्ते बदलावे लागतात.

फुप्फुसांसाठी नळीत जोराने, अगदी शेवटपर्यंत फुंकायचे असते. एकूण बाहेर पडलेली हवा आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, असे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या 70 टक्क्यांखाली असेल, तर श्वासनलिकांत अडथळ्याची शंका घेतात. किमान तीन नीट फुंकरी लागतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोनांत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त अंतर नसावे. अपेक्षित आकडा उंचीवरून निघत असल्याने उंची बूट काढून मोजतात. सिलिकाच्या धुळीत काम असेल, तर छातीचा एक्स-रेही जोडतात. नुसत्या फुंकरीवर सिलिकोसिसची सुरुवात निसटू शकते.

कंत्राटी कामगारांची तपासणी एकगठ्ठा शिबिरात उरकली की पत्रकच चुगली करते. कॅन्टीनशेजारी, कंप्रेसरच्या आवाजात काढलेल्या आलेखांत 500 हर्ट्झचे आकडे सगळ्यांचेच वाढलेले दिसतात, कारण बाहेरचा घुमणारा आवाज खालचे स्वर झाकतो. आणि एकूण हवा 3.10 लिटर, पहिल्या सेकंदात 3.05 लिटर अशी नोंद असेल, तर तो माणूस धडधाकट असल्याचा पुरावा नव्हे. त्याने सेकंदभर फुंकून थांबवलेले असते. अशी पत्रके परत पाठवून तपासणी नव्याने करून घेणे, हाच उपाय.

निर्णय सहसा चार प्रकारचा असतो: सक्षम, अटींसह सक्षम, तात्पुरता अक्षम आणि त्या कामासाठी अक्षम. ‘त्या कामासाठी’ हे शब्द गाळू नयेत. ग्राइंडिंगला न चालणारा दम्याचा कामगार स्टोअरमध्ये चालू शकतो. रोगाचा तपशील डॉक्टरकडेच राहावा आणि मनुष्यबळ विभागाला फक्त निर्णय व अटी कळाव्यात, हा वैद्यकीय संकेत आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र अख्खे पत्रकच कामगाराच्या फाइलला टाचलेले सापडते.