जास्त पृष्ठफळ म्हणजे जास्त गुणोत्तर नव्हे

अकरावीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास येतं: "लहान पेशीचं पृष्ठफळ जास्त असतं, म्हणून पेशी लहान राहते." लहान वस्तूचं पृष्ठफळ कमीच असणार. जास्त असतं ते पृष्ठफळाचं घनफळाशी असलेलं गुणोत्तर.

1 सेंमी बाजूचा घन घ्या. त्याला सहा पृष्ठं, म्हणून पृष्ठफळ 6 चौसेंमी, घनफळ 1 घसेंमी, गुणोत्तर 6. बाजू 2 सेंमी केली की पृष्ठफळ 24, घनफळ 8, गुणोत्तर 3. 4 सेंमीला पृष्ठफळ 96 झालं, पण घनफळ 64 वर गेलं आणि गुणोत्तर 1.5 वर आलं. पृष्ठफळ बाजूच्या वर्गाने वाढतं, घनफळ घनाने. पेशीत अन्न आणि ऑक्सिजन पटलातून येतात, लागतात मात्र आतल्या सगळ्या पेशीद्रव्याला. त्यामुळे पेशीला नुसत्या पृष्ठफळापेक्षा हे गुणोत्तर महत्त्वाचं.

हे डोळ्यांनी पाहायचं तर चायना ग्रासचे, म्हणजे अगारचे, घन करावेत. त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घातला की ते गुलाबी होतात. तिन्ही घन एकाच वेळी सौम्य आम्लात सोडायचे. आम्ल जिथवर पोचतं तिथवरचा रंग उडतो. समजा, ते सगळीकडून अर्धा सेंमी आत शिरलं, तेव्हा घन बाहेर काढून मधोमध कापले. सर्वांत लहान पूर्ण पांढुरका झालेला असतो. 2 सेंमीच्या घनात 1 सेंमीचा गुलाबी गाभा उरतो, म्हणजे आठवा भाग. 4 सेंमीच्या घनात गाभा 3 सेंमीचा: 64 पैकी 27 भाग, जवळजवळ 42 टक्के, गुलाबीच. आम्लाची खोली तिन्हींत सारखीच आहे, हे मुलांना कापल्यावरच पटतं. शिवाय विसरणाला दुप्पट अंतर कापायला साधारण चौपट वेळ लागतो.

एक सूचना: हे गुणोत्तर 'प्रति सेंमी' असतं. एकक न लिहिता दोन आकड्यांची तुलना केली की घोटाळा होतो, कारण 6 प्रति सेंमी म्हणजेच 0.6 प्रति मिमी. 10 मायक्रोमीटर बाजूच्या घनाकृती पेशीचं गुणोत्तर 6000 प्रति सेंमी भरतं.

मग ओहोटीला रत्नागिरीच्या खडकांवर दिसणारं कॉलर्पा हे हिरवं शेवाळ कसं जगतं? ते आख्खं एकाच पेशीचं, तरी वीतभर पसरतं. इथे आकार कामी येतो. 2 मिमी जाडीची नळी धरली तर गुणोत्तर सुमारे 20 प्रति सेंमी येतं, आणि नळी कितीही लांबवली तरी ते जवळपास तेवढंच राहतं. त्यातही आतली बरीचशी जागा रिक्तिकेने व्यापलेली असते, आणि पेशीद्रव्याचा पातळ थर, असंख्य केंद्रकांसह, भिंतीला चिकटून असतो.