आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी बिनपगारी रजेचा अर्ज

आई किंवा वडील गंभीर आजारी असताना त्यांच्याजवळ राहता यावे म्हणून, हक्काच्या रजा संपल्यावर किंवा त्या पुरणार नाहीत असे दिसल्यावर, नोकरदार व्यक्ती आपल्या आस्थापनेकडे करते तो अर्ज. पगार सोडायची तयारी अर्जदाराने आधीच दाखवलेली असते. त्याला हवी असते ती जागा राखून ठेवल्याची खात्री. म्हणून या अर्जात सर्वांत काळजीपूर्वक लिहायचा परिच्छेद म्हणजे पुन्हा रुजू होण्याचा.

काही देशांत अशी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्यानुसार पात्र कर्मचाऱ्याला वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा घेता येते. जर्मनीत १५ हून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. मात्र रजा सुरू होण्याच्या किमान दहा कामकाजाचे दिवस आधी लेखी कळवावे लागते आणि त्यातच रजा किती काळ, पूर्ण वेळ की अर्धवेळ हे सांगावे लागते. जिथे असा कायदा नाही तिथे रजा देणे न देणे वरिष्ठांच्या मर्जीवर असते, आणि तिथे तर अर्जातला हा तपशील जास्तच महत्त्वाचा ठरतो.

अडचण अशी की आजाराला तारीख नसते. ‘आई बरी होईपर्यंत रजा मिळावी’ असे मनापासून लिहिले जाते, पण त्यावर मंजुरी देणाऱ्याला बदली माणूस किती दिवसांसाठी घ्यायचा हे ठरवता येत नाही. उलट, अर्ज मान्य व्हावा म्हणून घाईने जवळची तारीख दिली तर ती पाळता येत नाही, मुदतवाढीचे अर्ज एकामागून एक जातात आणि विश्वास उडतो. यातून निघण्याची वाट म्हणजे दोन तारखा देणे: एक रुजू होण्याची आणि तिच्या बरीच आधी येणारी दुसरी, पक्के काय ते कळवण्याची.

समजा, लेखा विभागातल्या एका कर्मचारी महिलेच्या आईला पक्षाघात झाला आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यावर पहिले काही आठवडे कुशीवर वळवायलाही कोणीतरी लागणार आहे, आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांची फेरतपासणी आहे. तिने २ जून ते २७ जुलै अशी आठ आठवड्यांची रजा मागितली. ही मुदत तिने अंदाजाने घेतलेली नाही. फेरतपासणी सहाव्या आठवड्याच्या शेवटी, ११ जुलैला येते, आणि तिचा निष्कर्ष कळल्यावर दोन आठवडे हाताशी उरतात. अर्जातला मजकूर असा:

‘११ जुलै रोजी डॉक्टरांचे मत मिळताच मी त्याच दिवशी लेखी कळवेन. प्रकृती सुधारत असल्यास २८ जुलैपासून चार आठवडे अर्धा दिवस आणि २५ ऑगस्टपासून पूर्णवेळ रुजू होईन. मुदत वाढवण्याची गरज पडल्यास ती एकदाच, जास्तीत जास्त चार आठवड्यांसाठी मागेन. परिस्थिती अन्य प्रकारे बदलल्यास आधीही रुजू होण्याची माझी तयारी आहे.’

शेवटचे वाक्य मुद्दाम मोघम आहे. आई दगावण्याची शक्यता अर्जात लिहायला कोणाचाही हात धजावणार नाही, आणि तशी गरजही नाही. ‘अन्य प्रकारे’ या दोन शब्दांत ती सामावते. अर्ध्या दिवसाचे चार आठवडेही सवलत म्हणून मागितलेले नाहीत. घरी सांभाळायला ठेवलेल्या माणसाच्या हाती आई रुळायला तेवढा वेळ लागतो, आणि तो वेळ न ठेवता एकदम पूर्णवेळ परतणारी व्यक्ती पहिल्याच पंधरवड्यात पुन्हा रजेवर जाण्याचा धोका असतो. या काळात अर्धा पगार चालेल, हेही तिने स्पष्ट लिहिले, नाहीतर तो प्रश्न पहिल्या पगाराच्या दिवशी उभा राहतो.

आजाराबद्दल दोन ओळी पुरतात: नाव, सध्याची अवस्था, सोबत डॉक्टरांचा दाखला. तपासण्यांचे अहवाल जोडू नयेत; ती आईची खासगी बाब आहे. कामाच्या बाबतीत कोणते काम कोणाकडे सोपवले आणि कोणते आपल्यावाचून अडेल हे लिहावे. या उदाहरणात तिमाही हिशेब जूनअखेर येतो. म्हणून तिने त्याची पूर्वतयारी आधी संपवून उरलेले काम सहकाऱ्याकडे दिले आणि रोज संध्याकाळी ठरावीक अर्धा तास फोनवर उपलब्ध राहण्याचे कबूल केले. ‘केव्हाही फोन करा’ असे लिहू नये. मग ती रजा राहत नाही.

पुष्कळदा राहून जातो तो पगारातून होणाऱ्या कपातींचा मुद्दा. पगार थांबला की त्यातून जाणारा आरोग्यविम्याचा किंवा कर्जाचा हप्ताही थांबू शकतो, आणि घरात आजारपण असताना विमा खंडित होणे फार महागात पडते. हप्ते या काळात कोणी व कसे भरायचे, रजेतले सुट्टीचे दिवस मोजले जाणार का, आणि सेवा अखंड धरली जाणार का, हे तीन प्रश्न अर्जातच विचारावेत. उत्तर तोंडी मिळाले तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून ते लिहून पाठवावे आणि पोच घ्यावी, कारण रजा संपेपर्यंत मंजुरी देणारे वरिष्ठ त्याच खुर्चीत असतीलच असे नाही.