समान मुळे आणि x चा जादा गुणक: एका नियमाची पार्श्वभूमी

स्थिर सहगुणकांच्या द्वितीय कोटीच्या रेषीय अवकल समीकरणांत x हा जादा गुणक दोन ठिकाणी अवतरतो. साहाय्यक समीकरणाची दोन्ही मुळे समान निघाली की दुसरे उत्तर म्हणून xe^(rx) घ्यावे लागते, आणि उजव्या बाजूचे फलन पूरक फलनात आधीच असले की अनिर्धारित सहगुणकांच्या पद्धतीत अंदाजाच्या उत्तराला x ने, प्रसंगी x² ने, गुणावे लागते. वर्गात हे दोन स्वतंत्र नियम म्हणून शिकवले जातात आणि बहुतेक विद्यार्थी ते तसेच पाठ करतात. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे आणि अठराव्या शतकातील काही गणितींना ते दिसलेही होते. पुढच्या काळात शिकवण्याच्या सोयीसाठी ते झाकले गेले.

अज्ञात सहगुणक धरून चालायचे आणि शेवटी दोन्ही बाजूंची तुलना करून ते ठरवायचे, ही युक्ती अवकल समीकरणांहून जुनी आहे. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच भूमितिग्रंथात वक्राचा लंब काढण्यासाठी तिचा उपयोग केलेला आढळतो, आणि तेथेही अट समान मुळांचीच आहे: वर्तुळ वक्राला स्पर्श करते तेव्हा छेदबिंदूंच्या समीकरणाला दुहेरी मूळ असते. आपल्या विषयाचा खरा आरंभ मात्र १७३९ सालचा. त्या वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या एका स्विस गणितीने आपल्या वृद्ध गुरूला लिहिलेल्या पत्रात स्थिर सहगुणकांचे समीकरण e^(kx) हे फलन ठेवून बैजिक समीकरणात बदलता येते हे कळवले आणि १७४३ मध्ये ही रीत सविस्तर छापली. समान मुळांचा प्रश्न त्याने y = e^(rx)u असे लिहून सोडवला. हे समीकरणात ठेवले की द्वितीय कोटीच्या बाबतीत फक्त u'' = 0 उरते, म्हणून u = a + bx आणि y = (a + bx)e^(rx). उत्तर बिनचूक आहे आणि आजही बहुतेक पुस्तके हीच सिद्धता देतात. पण x कोठून आला, हे या सिद्धतेतून कळत नाही. तो आहे एवढेच कळते.

या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडणारी कल्पना पॅरिसमधील एका समकालीन गणितीच्या नावावर सांगितली जाते. मुळे अगदी समान न धरता r आणि r + ε अशी जवळजवळची धरावीत. मग सामान्य उत्तर

y = Ae^(rx) + Be^((r+ε)x)

असे होते आणि त्यात काहीच अडचण नसते. ε शून्याकडे नेल्यावर दोन्ही पदे एकरूप होतात आणि दोन स्थिरांकांऐवजी A + B हा एकच उरतो, म्हणजे उत्तराचा अर्धा भाग हरवल्यासारखे दिसते. पण A आणि B स्थिर ठेवलेच पाहिजेत असे कोणी सांगितले? B = b/ε आणि A = a − b/ε असे घेतल्यास

y = ae^(rx) + b·(e^((r+ε)x) − e^(rx))/ε

असे रूप मिळते. कंसातील अपूर्णांकाची सीमा xe^(rx) आहे, कारण तो घातांकी फलनाचा r च्या संदर्भातील अवकलजच आहे. म्हणजे x हा बाहेरून आणून चिकटवलेला गुणक नसून, दोन प्रचंड आणि विरुद्ध चिन्हांच्या स्थिरांकांनी एकमेकांना खोडून झाल्यावर मागे राहिलेला भाग आहे.

या युक्तिवादावर आक्षेप येणे स्वाभाविक होते आणि तो आक्षेप पोकळ नाही. अनंताकडे जाणारे स्थिरांक घेऊन काढलेली सीमा ही मूळ समीकरणाचे उत्तर आहेच, हे गृहीत कसे धरायचे? सीमेची काटेकोर व्याख्या एकोणिसाव्या शतकात स्थिरावेपर्यंत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. पाठ्यपुस्तककारांनी त्यामुळे प्रतिस्थापनाची निर्धोक वाट धरली आणि सीमेचा युक्तिवाद फार तर टिपेत ठेवला. माझ्या मते हा निर्णय त्या काळी योग्य होता आणि नंतर निष्कारण टिकून राहिला. आज तो आक्षेप सहज मिटतो: y(0) आणि y'(0) ठरवून दिले की उत्तर सहगुणकांवर अखंडितपणे अवलंबून असते, म्हणून मुळे एकत्र येताना उत्तर कोठेही तुटत नाही. तुटते ती आपण निवडलेली लिहिण्याची पद्धत.

प्रेरित आंदोलनांचा इतिहासही त्याच १७३९ सालापासून सुरू होतो. त्याच स्विस गणितीने आवर्ती बल लावलेल्या आंदोलकाचा अभ्यास त्या वर्षी सादर केला; तो छापून आला १७५० मध्ये. बलाची वारंवारता आंदोलकाच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळली की आयाम अमर्याद वाढतो, हे त्याला गणितातून दिसले. आजच्या लिखाणात y'' + 4y = cos 2t हे समीकरण घेतले तर स्थिर अवस्थेतून सुरू होणारे उत्तर (t/4) sin 2t आहे. येथेही सीमेचा विचार केला की चित्र स्पष्ट होते. उजवीकडे cos 1.9t ठेवल्यास उत्तर (cos 1.9t − cos 2t)/0.39 येते, आणि ते सुमारे ५.१३ या कमाल आयामापर्यंत चढून पुन्हा उतरणारे विस्पंद दाखवते. कमाल आयाम t ≈ ३१ च्या सुमारास येतो. सुरुवातीच्या काळात मात्र हे उत्तर आणि अनुनादाचे उत्तर वेगळे ओळखता येत नाहीत. वारंवारता जुळत जाईल तसा विस्पंदाचा काळ लांबत जातो, आणि अनुनाद म्हणजे ज्याची उतरण कधीच येत नाही असा विस्पंद होय.

विशिष्ट उत्तर अधिक पूरक फलन म्हणजे सामान्य उत्तर, हा आज गृहीत धरला जाणारा नियम १७६६ च्या सुमारास पॅरिसमधून मांडला गेला, आणि कोणत्याही उजव्या बाजूसाठी चालणारी स्थिरांक बदलण्याची पद्धत १७७० च्या दशकात आली. अनिर्धारित सहगुणकांची पद्धत त्या मानाने मर्यादित आहे. उजवी बाजू ही स्वतः कोणत्या तरी स्थिर सहगुणकांच्या समघाती समीकरणाचे उत्तर असेल, म्हणजे बहुपदी, घातांकी, ज्या, कोज्या किंवा यांचे गुणाकार व बेरजा असेल, तरच ती चालते. sec x किंवा log x समोर आले की ती निरुपयोगी ठरते.

दोन्ही नियम एकाच वेळी लागू होतात असे सर्वात लहान उदाहरण म्हणजे

y'' + 4y' + 4y = e^(−2x)

साहाय्यक समीकरण (m + 2)² = 0, पूरक फलन (a + bx)e^(−2x). अंदाज म्हणून Ae^(−2x) घेतले तर डावी बाजू शून्य होते आणि 0 = e^(−2x) अशी विसंगती हाती येते; गुणकाची गरज ओळखण्याची खूण हीच. घाईत केवळ एकदा x ने गुणून Axe^(−2x) घेतले तरी डावी बाजू पुन्हा शून्यच होते, कारण तेही पूरक फलनात आहे. परीक्षेतील चूक नेमकी येथे होते. Ax²e^(−2x) घेतल्यावर 2Ae^(−2x) = e^(−2x) मिळते, म्हणून A = 1/2.

आता हेच सीमेने पाहू. उजवीकडे e^(sx) ठेवले आणि s हा −2 पेक्षा वेगळा असला, तर विशिष्ट उत्तर e^(sx)/(s+2)² इतके सोपे आहे. s जसा −2 कडे जातो तसे ते अनंताकडे जाते, पण त्यातून पूरक फलनाचा कोणताही तुकडा वजा करण्याची आपल्याला मुभा आहे. s + 2 = ε लिहून

(e^(sx) − e^(−2x) − εxe^(−2x))/ε²

हे विशिष्ट उत्तर घेतले की त्याची सीमा (x²/2)e^(−2x) येते. ε = 0.1 आणि x = 1 असता या राशीची किंमत ०.०७०० आहे आणि सीमेची ०.०६७७. वरचा वर्ग x² चा का आणि छेदातला २ कोठून आला, हे दोन्ही टेलरच्या विस्तारातील तिसऱ्या पदावरून कळते. प्रसंगवशात हेही नोंदवावे की हे उत्तर वाढत जात नाही; x = 1 ला कमाल गाठून ते विरून जाते. x ने गुणले म्हणजे आयाम अमर्याद वाढणार, हा समज अवमंदन नसलेल्या समीकरणापुरताच खरा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये D या चिन्हाने अवकलन दाखवून त्याच्याशी बीजगणितासारखा व्यवहार करण्याची प्रथा रुजली. १८९० च्या दशकात एका इंग्रज अभियंत्याने ती विद्युत्मंडलांसाठी इतक्या मोकळेपणाने वापरली की लंडनच्या विज्ञानसंस्थेने १८९४ मध्ये त्याच्या लेखमालेचा तिसरा भाग काटेकोरपणाच्या अभावी नाकारला. पुढे लाप्लास रूपांतराने त्याच रीतींना आधार दिला. त्या भाषेत 1/(s+2)² चे व्यस्त रूप xe^(−2x) आणि 1/(s+2)³ चे (x²/2)e^(−2x) आहे. समीकरणाचे दोन आणि बलाचा एक, असे तीन घटक छेदात एकत्र येतात आणि त्यांत पूरक कोणता व प्रेरित कोणता हा भेद उरत नाही.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या ‘एम-थ्री’ या गणिताच्या तिसऱ्या पेपरची ओळख असणाऱ्यांना D ची ही परंपरा परिचित आहे. विशिष्ट उत्तर e^(ax)/f(a), आणि f(a) = 0 असल्यास xe^(ax)/f'(a), तेही शून्य असल्यास x²e^(ax)/f''(a), हा तेथील नियम. आपल्या उदाहरणात f'' = 2, म्हणून उत्तर तेच. f(a) = 0 या स्थितीला पुस्तके ‘केस ऑफ फेल्युअर’ म्हणतात. वास्तविक फसते ते केवळ सूत्र, आणि नियमातले f' व f'' हे त्या जुन्या सीमेचेच अवशेष आहेत. एका ओळीत ते सांगता येत असताना नुसता नियम घोटून घेतला जातो, हे खटकते.

संगणकावर गणित होऊ लागल्यापासून हा प्रश्न पुन्हा व्यवहारात आला आहे. मोजलेल्या सहगुणकांतून येणारी मुळे तंतोतंत समान जवळजवळ कधीच नसतात, पण फार जवळची अनेकदा असतात. तेव्हा भिन्न मुळांचे सूत्र तत्त्वतः लागू असते आणि प्रत्यक्षात घातक ठरते. ε = 10⁻⁸ घेऊन वरील ε² ने भागलेली राशी सुमारे सोळा अंकांच्या नेहमीच्या अचूकतेने सरळ काढली, तर अंशातील वजाबाकीत सर्व अर्थपूर्ण अंक नाहीसे होतात आणि ०.०६७७ च्या जागी काहीही येऊ शकते. e^(−2x) बाहेर काढून उरलेले e^(εx) − 1 हे `expm1` या तयार फलनाने काढले आणि त्यातून εx वजा केले, की सात-आठ अंक शाबूत राहतात. मुळे याहून जवळ असतील तर थेट समान मुळांचे सूत्र वापरणे अधिक अचूक ठरते.